होमस्टेची खोली बांधताना: सगळं झालं, ढाळ सोडून

कोकणात घरालगत पाहुण्यांसाठी एक खोली काढायची म्हटलं की लोक आधी ग्रामपंचायतीच्या परवानगीला घाबरतात. माझं ते काम सरळ झालं. जांभ्याच्या भिंती वेळेत उभ्या राहिल्या, वर मंगळुरी कौलंही चढली. काम अडलं ते बाथरूमच्या जमिनीवर. ५ फूट बाय ८ फूट जागेतलं पाणी जाळीकडे जावं, इतकीच मागणी होती.

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खोली आतून १२ बाय ११ फूट. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो म्हणून त्या अंगाला पडवी आणि बाथरूम पूर्वेला, सकाळचं ऊन खिडकीतून आत येईल असं. बाथरूमचं दार ५ फुटांच्या भिंतीत. आत शिरल्यावर पहिले अडीच फूट बेसिन, पुढचे अडीच फूट कमोड आणि शेवटचे तीन फूट अंघोळीचे. कोरडं आधी, ओलं शेवटी. या क्रमामुळे हात धुवायला गेलेला माणूस ओले पाय घेऊन खोलीत येत नाही आणि पायपुसणी दिवसभर टिकते. जाळी मागच्या बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, म्हणजे पाइप लगेच बाहेर पडतो.

आता ढाळ. कामावर तीन माणसं असतात आणि तिघांनाही तो दुसऱ्याचा विषय वाटतो. प्लंबर सगळ्यात आधी येतो आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखाली पाणी धरून वास अडवणारं भांडं, अंदाजाने बसवून जातो. वर किती कोबा, किती माल, किती जाडीची लादी येणार, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग गवंडी कोबा ट्रॅपच्या तोंडाशी जुळवतो. शेवटी लादीवाला येतो. त्याला उंबऱ्याशी उंची वाढवायला जागा नसते आणि जाळीशी उतरायला वाव नसतो, म्हणून तो जवळजवळ सपाट लादी लावतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काय काळजी करू नकात, पानी जातला." पाणी जात नाही. ते कमोडच्या पायाशी थांबतं, तिथल्या सांध्यांत काळी रेघ धरते आणि ती रेघ ब्रशने घासायचं काम रोज घरच्याच बाईच्या वाट्याला येतं. मला अजूनही राग येतो तो याचा. ढाळ चुकवणारा मजुरी घेऊन जातो आणि घासणारी वर्षानुवर्षं घासत राहते.

यावर उपाय एकच: ट्रॅप बसवण्याआधी भिंतीवर रेघ मारायची. पारदर्शक नळीत पाणी भरून, खोलीच्या तयार फरशीपासून बरोबर ३६ इंच उंचीवर, बाथरूमच्या चारही भिंतींवर एकाच पातळीत. पुढची सगळी मापं या रेघेपासून खाली मोजायची. आमच्या खोलीत ती अशी ठरली: दाराशी तयार लादी रेघेपासून ३७ इंच खाली, म्हणजे खोलीपेक्षा एक इंच खोल. तिथून अंघोळीची जागा सुरू होईपर्यंतच्या पाच फुटांत पाऊण इंच उतार, म्हणजे पावणे अडतीस. अंघोळीच्या तीन फुटांत आणखी पाऊण इंच, म्हणजे मागच्या भिंतीच्या उंच कोपऱ्यात साडे अडतीस. त्या भिंतीलगत जाळीकडे अर्धा इंच, म्हणजे जाळीशी ३९. दारापासून जाळीपर्यंत एकूण दोन इंच. कोरड्या भागात एवढा उतार पायाला जाणवत नाही, आणि जिथे पाणी पडतं तिथे तो जास्त आहे.

हे चार आकडे पेन्सिलने भिंतीवरच लिहून ठेवा. कागद हरवतो. ट्रॅप बसवताना लादी आणि मालासाठी जाळीच्या मापाखाली साधारण दीड इंच सोडायला लावा. लादी एक फुटी, खडबडीत घ्या; दोन फुटी लादी कोपऱ्याकडे वळणाऱ्या ढाळावर नीट बसत नाही, एक टोक उचललेलं राहतं आणि तिथेच ठेच लागते.

लादी लावण्याआधी कोब्यावर बादलीभर पाणी दाराशी ओता. ते जिथे थांबेल तिथे खडूने गोल करा आणि गवंड्याला तिथेच थांबवा. या टप्प्यावर दुरुस्तीला पाटीभर माल लागतो, लादीनंतर तीच दुरुस्ती म्हणजे फोडाफोड. मग वॉटरप्रूफिंगचा थर घाला: जमिनीवर सगळीकडे, भिंतीवर फूटभर आणि अंघोळीच्या बाजूला सहा फूट. ते वाळल्यावर ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घालून दोन दिवस पाणी तुंबवा आणि बाहेरून भिंतीचा पाया बघा. जांभा सच्छिद्र असतो, गळती असेल तर चिरा गडद दिसू लागतो.

याच कारणासाठी पाइप भिंतीत गाडू नका. चिऱ्याला झिरी मारली की तो भुसभुशीत होऊन सुटतो, आणि आतली गळती भिंत ओलावेपर्यंत कळत नाही. पाइप मागच्या भिंतीच्या बाहेरून नेले तर दिसायला साधे दिसतात, पण दुरुस्तीला अर्धा तास पुरतो.

वासाचं सांगायचं राहिलं. होमस्टेची खोली आठवडा-आठवडा बंद असते. ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात सुकतं आणि मैल्याच्या टाकीचा वास, झुरळं वर येतात. बेसिनचा पाइप वेगळा बाहेर काढण्याऐवजी त्याच ट्रॅपला जोडला, तर प्रत्येक हात धुण्याला ट्रॅप भरत राहतो. खोली रिकामी असेल तर आठवड्याला तांब्याभर पाणी जाळीत ओतायचं. बाथरूमच्या दाराची चौकट लाकडाची करू नका, खालून कुजते आणि वाळवी धरते. कडाप्प्याची चौकट, पीव्हीसीचं दार.

खोलीतही झाडूचाच विचार करा. बाहेरून उघडा जांभा आणि भरलेल्या दरजा छान दिसतात, पण आतून उघडा चिरा लाल भुकटी सोडतो आणि ती पांढऱ्या चादरीवर लगेच दिसते. पलंगामागची भिंत तरी गिलावा करून घ्या. कौलांच्या फटींतून धूळ, पाली-उंदरांची घाण खाली येते, म्हणून पलंगाच्या वर, कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी हवीच. तिथे अर्धवट काम करून पैसे वाचवू नका. पलंगाखाली एक तर फूटभर मोकळी जागा ठेवा, नाहीतर तळापर्यंत बंद कट्टाच करा. चार इंचांच्या फटीत झाडू जात नाही, विंचू मात्र जातो. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडा, नाहीतर चादर बदलणारीला गादीवर चढून कोपरे खोचावे लागतात.

आणि प्लायवूडचं बंद कपाट नको. श्रावणापर्यंत आत बुरशी येते. फणसाच्या फळीवर सहा खुंट्या आणि बॅग ठेवायला गुडघ्याएवढा कट्टा, दोन रात्रींच्या पाहुण्याला त्याहून जास्त लागत नाही.