पर्वती, घड्याळ आणि दोनशे कॅलरी

"ताई, मी रोज सकाळी टिळक रस्त्यावरनं चालत जाऊन पर्वती चढते. घड्याळ दोनशे कॅलरी दाखवतं. पायऱ्यांनी खरंच एवढ्या जळतात का?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी पर्वतीचा हिशेब मांडते, घड्याळाकडे नंतर वळू. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते म्हटल्यावर असे प्रश्न जिन्यात, भाजीवाल्यापाशी, कुठेही गाठतात आणि मला ते आवडतात.

चढताना शरीर एक काम नक्की करतं: स्वतःचं वजन वर उचलतं. या कामाला लागणारी ऊर्जा म्हणजे वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उभी उंची. त्यात पायऱ्यांची संख्या कुठेच नाही, आणि पर्वतीवर लोक नेमके तिथेच चुकतात. पायऱ्या १०३, असं आपण सगळेच सांगतो. घरच्या जिन्याची पायरी साधारण १६ सेंटिमीटर उंच असते. त्या मापानं १०३ पायऱ्यांचे जेमतेम साडेसोळा मीटर होतात, म्हणजे पाच-साडेपाच मजले. पण पर्वतीची पायरी लांबरुंद असते आणि तिचा दगडी भाग स्वतःच चढा असतो. पायरीवर पाऊल ठेवल्यानंतरही तुम्ही चढतच असता. म्हणून पायऱ्या मोजू नका, उंची मोजा.

ती मोजता येते. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. पायथ्याशी एकदा दाब बघायचा, वर गेल्यावर पुन्हा बघायचा. पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला, तर तुम्ही साधारण नऊ मीटर वर आलात असं समजा. दोन्ही वाचनं पाठोपाठ घ्या. मधे तासभर गेला किंवा पावसाळी वारं सुटलं, तर दाब आपला आपण बदलतो आणि टेकडी कागदावर वाढते नाहीतर खचते. आजच्या हिशेबाला मी ६० मीटर धरते. पायथा कुठे मानता त्यावर यात दहा-एक मीटर इकडेतिकडे होतील.

तुमचं वजन ६२ किलो. ६२ गुणिले ९.८ गुणिले ६० केलं की साधारण ३६,५०० जूल येतात. आकडा दांडगा दिसतो, पण आहारातली एक कॅलरी म्हणजे खरं तर एक किलोकॅलरी, आणि ती ४,१८४ जूलांची. भागाकार केला की उरतात पावणेनऊ कॅलरी. एवढी पर्वती चढून अर्धा खजूर! इथे येऊन माझे विद्यार्थी दरवर्षी म्हणतात, "मॅडम, काहीतरी चुकलंय." गणित बरोबर असतं, फक्त स्नायूंचा हिशेब राहिलेला असतो.

स्नायू हे काही काटकसरी यंत्र नाही. अन्नातल्या ऊर्जेपासून पेशी आधी एटीपी नावाचं वापरायचं इंधन बनवतात, आणि त्यातच निम्म्याहून जास्त ऊर्जेची उष्णता होते. मग ते एटीपी खर्चून स्नायू आकसतो, तेव्हा पुन्हा निम्मी-अर्धी उष्णतेत जाते. शेवटी वजन उचलायला उरतात खर्चलेल्या ऊर्जेतले २० ते २५ टक्के. बाकीचं डिसेंबरच्या थंडीतही अर्ध्या चढावर तुम्हाला स्वेटर काढायला लावतं. तेव्हा पावणेनऊला साधारण ०.२३५ नं भागा. उत्तर येतं ३७ कॅलरी.

यातून एक सोपा हिशेब हाती लागतो. कार्यक्षमता २३ टक्क्यांच्या जवळपास धरली, तर ९.८, ४,१८४ वगैरे सगळे आकडे एकमेकांत असे मिटतात, की वजन गुणिले उंची भागिले शंभर एवढंच उरतं. किलोला मीटरनं गुणा आणि शंभरनं भागा. ६२ गुणिले ६० म्हणजे ३,७२०, त्याचे ३७. कार्यक्षमता २० टक्के धरली तर ४४ येतात, २५ टक्के धरली तर ३५. खरं उत्तर या पट्ट्यात कुठेतरी असतं. दशांश चिन्हानंतरचे आकडे दाखवणाऱ्या ॲपवर मी तरी विश्वास ठेवत नाही. पाठीवर सामान असेल तर ते वजनात मिळवा. कडेवर दहा किलोचं पोर असेल तर सहा कॅलरी वाढतील, कंबर काही म्हणो.

भरभर चढलं तर जास्त जळतात का, हेही तुम्ही पुढे विचाराल. चढाचा खर्च फारसा बदलत नाही, तो कमी मिनिटांत होतो एवढंच. धाप लागते ती त्यामुळे.

आता उतरणं. उतरताना तुम्ही वजन उचलत नाही, पण ते धप्पकन पडूही देत नाही. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा ओढून धरतो. या कामाला स्नायूला ऊर्जा फार कमी लागते. साधारण चढण्याच्या एक-तृतीयांश धरायला हरकत नाही, म्हणजे तुमच्या १२ कॅलरी. गंमत म्हणजे पहिल्यांदा पर्वती केली की दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, त्या बहुतेक या स्वस्त उतरण्यानंच.

चढ ३७, उतार १२, मिळून ४९. मग घड्याळ खोटं बोलतं का?

नाही, बिचारं बरंचसं खरं बोलतं. तुमच्या घरापासून पायथा दीड किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन येऊन तीन. सपाट रस्त्यावर चालताना किलोमीटरमागे दर किलो वजनाला अर्धी कॅलरी लागते. ६२ किलोला तीन किलोमीटरच्या झाल्या ९३. आता बेरीज १४२. उरलेल्या साठ कुठल्या? तुमचा हा सगळा फेरा तासाभराचा असतो, आणि नुसतं श्वास घेत पडून राहायलाही तुमच्या शरीराला मिनिटाला साधारण एक कॅलरी लागतेच. बरीच घड्याळं तीही एकूणात धरतात. झाल्या २०२.

म्हणजे दोनशेतल्या साठ तुम्ही पांघरुणात असतानाही जळाल्याच असत्या. उरलेल्यांत मोठा वाटा टिळक रस्त्याच्या फुटपाथचा आहे. पर्वतीच्या वाट्याला दोनशेतला पाव हिस्सा येतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, पडताळा घ्या. रविवारी उशीर झाला की तुम्ही स्कूटर थेट पायथ्याशी लावता, हे मी पाहिलंय. त्या दिवशी घड्याळ पहिल्या पायरीला सुरू करा आणि परत खाली आल्यावर बंद करा. वीस मिनिटं लागली, तर ४९ आणि २० मिळून सत्तरच्या आसपास आकडा हवा. शंभराच्या वर गेला, तर घड्याळ उंचीकडे न बघता तुमच्या नाडीवरून अंदाज बांधतंय असं समजा. चढ संपला तरी नाडी लगेच खाली येत नाही, आणि वर कठड्यापाशी टेकून तुम्ही शहर बघत बसता तेवढा वेळ ते तुम्हाला अजून चढतीच धरतं.