सीताफळाचा हिशेब: गर मोजणे थांबवले, उरलेले मोजायला घेतले

फळांच्या खाल्लेल्या भागाच्या कॅलरी मोजताना आंब्याचे आकडे स्थिरावले आणि कलिंगडाचे बऱ्यापैकी स्थिरावले, पण सीताफळ मागच्या नोंदीपासून जिथे अडकले होते तिथेच होते. एकाच वेळी आणलेल्या, दिसायला सारख्याच फळांतून खाण्याजोगा भाग कधी ४७ टक्के, तर कधी ५९ टक्के निघत होता. एवढ्या फरकावर कोणताही सरासरी गुणांक लावला, तरी त्याचा उपयोग नाही. आता त्या फरकाची कारणे हाती लागली आहेत, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहीत आहे.

संदर्भ नेहमीचाच आहे. अमेरिकी कृषी विभागाच्या कोष्टकात १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाला सीताफळात ९४, आंब्यात ६० आणि कलिंगडात ३० कॅलरी दिल्या आहेत. साल आणि बिया मिळून सीताफळाच्या वजनातील ४५ टक्के वाया जातात, असेही तेच कोष्टक सांगते. म्हणजे उरतात ५५ टक्के. हा आकडा डोळे झाकून लावणाऱ्यांची अडचण कुठे होते, ते पुढच्या दोन फळांवरून दिसेल.

पहिले फळ आणले तेव्हा २७१ ग्रॅम होते. तीन दिवसांनी मऊ झाल्यावर कापायला घेतले, तेव्हा ते २५२ ग्रॅम भरले. मधले १९ ग्रॅम म्हणजे मुख्यतः सालीतून उडून गेलेले पाणी होय. कॅलरी जवळजवळ तेवढ्याच राहिल्या, फक्त फळ हलके झाले. टक्केवारी काढताना खाली कोणते वजन धरले, यावर उत्तर बदलते, हे पहिले कारण. खरेदीच्या वजनावर हिशेब केला तर या फळाचे ५५ टक्के खाल्ले गेले, आणि कापण्याच्या वेळच्या वजनावर केला तर ५९ टक्के. कोष्टकाशी पहिला आकडा तंतोतंत जुळतो, पण ती जुळणी योगायोगाची आहे. फळ आणखी एक दिवस आधी कापले असते तर ती दिसलीही नसती. त्यामुळे यापुढे आधाराचे वजन कापण्यापूर्वीचेच धरायचे, आणि खरेदीचे वजन फक्त शेजारी टिपून ठेवायचे.

आता फोडल्यानंतरचे. चमच्याने बियांसकट काढलेला गर वाटीत १५० ग्रॅम भरला. साल, देठ आणि मधला दांडा मिळून ९९ ग्रॅम झाले, आणि सुरी, चमचा व ताटली यांना लागून ३ ग्रॅम हरवले. मग सालीच्या आतला कणीदार थर चमच्याच्या कडेने खरवडला, तेव्हा आणखी १२ ग्रॅम निघाले. शेवटी बिया. तोंडातून काढल्याबरोबर त्या १७ ग्रॅम होत्या, धुऊन फडक्याने चकाकी जाईपर्यंत पुसल्यावर १४ ग्रॅम. फरकाचे ३ ग्रॅम म्हणजे पातळ पापुद्रा आणि लाळ. प्रत्यक्ष खाल्लेला भाग १५० वजा १४ अधिक १२, म्हणजे १४८ ग्रॅम, आणि कॅलरी १३९. साल-बियांसकट खरेदीचे सगळे २७१ ग्रॅम धरणाऱ्याच्या नोंदीत याच फळाच्या २५५ कॅलरी चढतात.

इथे एक फसवा भाग आहे. कोणी बिया न वगळता आणि साल न खरवडता वाटीतले १५० ग्रॅम तसेच लिहिले, तर त्याला १४१ कॅलरी मिळतात, म्हणजे जवळजवळ बरोबर उत्तर. बियांमुळे आकडा वाढतो, खरवड सोडल्यामुळे घटतो, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आपल्यापैकी अनेकांना वाटीचे वजन विश्वासार्ह वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

दुसऱ्या फळाने हा आधार काढून घेतला. ते त्याच खेपेतले, पण एक दिवस आधी कापलेले, २३० ग्रॅमचे. सालीजवळचे डोळे अजून घट्ट होते, त्यामुळे गर सुटेना. वाटीत बियांसकट ११८ ग्रॅम आले, बिया १६ ग्रॅम निघाल्या, आणि जोर लावून खरवडले तरी सालीतून ५ ग्रॅमच मिळाले. खाल्लेला भाग १०७ ग्रॅम, कॅलरी १०१. वाटीच्या वजनावरून त्या १११ झाल्या असत्या, आणि कोष्टकातल्या ५५ टक्क्यांवरून ११९. दोन फळांतला खरा फरक बियांचा नव्हताच, कारण बियांचे वजन दोन्हीकडे जवळपास सारखे आहे. फरक सालीला चिकटून राहिलेल्या गराचा आहे, आणि तो पिकण्यावर व चमच्यावर अवलंबून आहे.

यावरून पद्धत उलटी केली. गराचे वजन करायचेच नाही. आख्खे फळ तोलायचे, निवांत खायचे, आणि मग साल, देठ, दांडा व पुसलेल्या बिया एकत्र तोलून वजा करायचे. पहिल्या फळावर हे करून पाहिले तर खरवडल्यावर साल, देठ व दांडा ८७ ग्रॅम उरतात, आणि २५२ वजा ८७ वजा १४, म्हणजे १५१ ग्रॅम येतात. सुरी-चमच्याला लागलेले ३ ग्रॅम यात खाल्ल्यात धरले जातात, म्हणजे सुमारे तीन कॅलरींची चूक, जी मला मान्य आहे. मात्र साली लगेच तोलाव्यात. तासभर उघड्या राहिल्या तर त्या सुकतात, आणि जेवढ्या सुकतील तेवढे आपण जास्त खाल्ल्याचे दिसते.

वजनकाट्याबद्दलही लिहायलाच हवे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. दशांश दाखवणारे छोटे काटे बियांसाठी मोहक वाटतात, पण ओल्या बियांवर त्या दशांशाला अर्थ नाही. खरी कटकट आपोआप बंद होणाऱ्या काट्यांची आहे, कारण खरवडणे चालू असतानाच शून्य केलेले वजन निघून जाते. मी वाट्यांच्या तळाला त्यांची रिकामी वजने न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवली आहेत, आणि शून्य करण्याचे बटण वापरणे सोडले आहे.

गर वेगळा करायला मिक्सर फिरवण्याची सूचना मागे आली होती. ती कृपया करू नये. फुटलेल्या बियांतील द्रव्ये विषारी असतात, आणि ती डोळ्यांना लागली तर चांगलीच इजा होते. हाताने चाळणीवर घासणे ठीक, पण वजाबाकीच्या पद्धतीत त्याचीही गरज उरलेली नाही.

आंब्याला हीच वजाबाकी सरळ लागू पडते. साल आणि चोखलेली कोय एकत्र तोलली की झाले. कोष्टक २९ टक्के वाया जाते म्हणते, पण कोय सुरीने कापून सोडली की चोखून टाकली, यावर तो आकडा सहज हलतो. कलिंगडाचे वजा होणारे ४८ टक्के मला आता फारसे उपयोगी वाटत नाहीत, कारण त्यात कापताना जाणारा भागही धरलेला आहे. फोडी तोलून खाव्यात आणि साली परत तोलाव्यात. तिथे ५० ग्रॅम चुकले तरी १५ कॅलरी जातात, सीताफळात त्याच चुकीला ४७ लागतात.

पुढचा बेत पिकण्याच्या टप्प्यांनुसार वेगवेगळे गुणांक काढण्याचा होता. हे लिहितानाच तो बदलतो आहे. उरलेला भाग तोलायचाच असेल, तर गुणांकाची गरज नाही. शंका आता त्या ९४ वर आहे, कारण १९ ग्रॅम पाणी गेल्यावर उरलेला गर थोडा तरी घट्ट झालाच असणार. एकाच खेपेतली दोन फळे घेऊन, एक कच्चेपणी घट्ट पिशवीत आणि एक उघड्यावर पिकवून, दोन्हींचा पिळून गाळलेला रस साखरेचे प्रमाण दाखवणाऱ्या ब्रिक्समापकावर पाहणार आहे. सीताफळाचा गर कणीदार असल्यामुळे थेंब काचेवर नीट पसरत नाही, म्हणून आधी दुहेरी कापडातून गाळून पाहतो. कोणाकडे याहून बरी युक्ती असल्यास ती प्रयोगाआधी कळवावी.