‘एवढं एकच नाव घ्या ना’ : नावनोंदणीची तारीख ठरवण्याचा माझा अनुभव

संमेलन दादरला, रविवारी. हॉल, पाहुणे, परवानग्या हे सगळं सुरळीत होतं. डोकं खाल्लं ते नावनोंदणीच्या शेवटच्या तारखेनं.

ही तारीख आपल्या सोयीनं ठरत नाही, उलटी मोजत यावी लागते. बॅज आणि स्मरणिका शनिवारी सकाळी हातात हवी. छपाई, सुकणं, बाइंडिंग यांना प्रेसवाल्यानं बुध-गुरु-शुक्र मागितले, म्हणजे फाइल मंगळवारी संध्याकाळी. मंगळवारचा दिवस नावं तपासायला, सोमवार पैसे जुळवायला. म्हणून नोंदणी आदल्या रविवारी रात्री बंद. केटररला आकडा गुरुवारी सकाळी चालणार होता, पण म्हणून नोंदणी बुधवारपर्यंत उघडी ठेवायची नाही. ज्याला आकडा आधी हवा, त्याचीच तारीख सगळ्यांची.

खरा वैताग सोमवारी सुरू होतो. ‘एवढं एकच नाव घ्या ना!’ समोरच्याला वाटतं, एक ओळ तर टाकायची. पण स्मरणिकेतली यादी अकारविल्हे असते. ‘आपटे’ आले की खालची सगळी नावं सरकतात आणि पुढच्या पानांची मांडणी हलते. त्यात आपली यादी युनिकोडमध्ये आणि प्रेसवाल्याचा फाँट जुना असला, तर फाँट बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. ‘कुलकर्णी’ नीट आलंय का, हे पुन्हा डोळ्यांनीच बघावं लागतं. ऑफसेटच्या प्लेटा निघाल्यावर तर विषयच संपला. त्यामुळे नियम एकच ठेवला: उशिरा आलेल्याला जेवण मिळेल, छापील नाव नाही. पंधरा कोरे बॅज जास्तीचे छापून घेतले, त्यावर मार्करनं नाव. यावर रुसणारे रुसले.

फॉर्म भरला म्हणजे नोंदणी झाली, असं धरूच नका. आमच्याकडे फॉर्म १८०, पैसे आले १६२ जणांचे, मोजायचे १६२च. यूपीआयनं पैसे भरणाऱ्याचं नाव आणि फॉर्मवरचं नाव वेगळं असतं (बायकोच्या खात्यातून नवऱ्याची फी!), म्हणून फॉर्ममध्ये व्यवहार क्रमांक सक्तीचा ठेवा. हे आधीच सांगायला हवं होतं.

आता जेवण. १६२ मध्ये १४ कार्यकर्ते, ४ वक्ते आणि साउंड-हॉलची ६ माणसं मिळवली की १८६ तोंडं. ही शेवटची सहा हमखास विसरली जातात. केटररला मात्र गॅरंटी १७५ची दिली, कारण पैसे भरूनही काही जण येत नाहीत आणि गॅरंटीच्या ताटांचं बिल माणसं कमी आली तरी द्यावंच लागतं. वर दहा टक्के, म्हणजे १७ ताटं त्याच दरानं वाढवून देण्याचं आधीच लिहून घेतलं. एकूण १९२, म्हणजे सगळे आले तरी पुरतं. हे तोंडी ठरवू नका. ऐन पंगतीत जास्तीच्या ताटाचा दर वेगळा सांगतात.

आणि रविवारी रात्री बाराला फॉर्म खरोखर बंद करा. उघडा राहिला तर लोक सोमवारीही भरतात आणि पावती दाखवून भांडतात.