नेकलाइन तुटल्यानंतरचे चार दिवस

"हेड अँड शोल्डर्स नीट ओळखलं, नेकलाइन तुटल्यावरच शॉर्ट केलं, टार्गेटही मोजून ठेवलं होतं. तरी भाव उलटा फिरला. पॅटर्न फसतोय हे कळायचं कसं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हेड अँड शोल्डर्स म्हणजे चढणीनंतरची तीन शिखरं, मधलं सर्वांत उंच; नेकलाइन म्हणजे त्यांच्यामधले दोन तळ जोडणारी रेषा; आणि शॉर्ट म्हणजे भाव पडेल या अंदाजाने आधी विकून नंतर विकत घेणं. हा पॅटर्न कसा फसतो ते दाखवायला मी नेहमी एकच चार्ट उघडतो, अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचा, २००९ च्या मे ते जुलैचा. त्या पॅटर्नच्या घडणीत खोट काढायला जागाच नव्हती, आणि तरीही तो फसला.

९ मार्च २००९ ला निर्देशांक ६७६ वर बंद झाला होता. तिथून तो जवळजवळ सरळ चढत गेला. ही आधीची चढण महत्त्वाची आहे. उलटायला काही असेल तरच उलटणारा पॅटर्न तयार होतो. आडव्या बाजारात दिसणारी तीन टेकाडं म्हणजे हेड अँड शोल्डर्स नव्हे. ८ मे ला ९२९ वर डावा खांदा झाला. मग घसरण, २२ मे ला ८८७. तिथून पुन्हा वर, १२ जूनला ९४६, हे डोकं. पुन्हा खाली, २२ जूनला ८९३. शेवटी १ जुलैला ९२३ वर उजवा खांदा, डाव्यापेक्षा किंचित बुटका. हे सगळे क्लोजिंगचे आकडे आहेत. दिवसभरातल्या उड्या मी धरत नाही, कारण त्या धरल्या की नेकलाइन हवी तशी ओढता येते, आणि मग माणूस आपल्या मनातलंच चार्टवर काढतो.

८८७ आणि ८९३ हे दोन तळ जोडले की थोडी वर चढणारी नेकलाइन मिळते. आता मोजमाप. डोक्यापासून सरळ खाली, त्याच दिवशी रेषा जिथे आहे तिथपर्यंत मोजायचं. १२ जूनला ती रेषा ८९१ च्या आसपास होती, म्हणजे उंची ५५ अंक. हे ५५ वजा करायचे ते रेषा जिथे तुटली तिथून. पुष्कळजण इथे चुकतात, तळातून किंवा आपल्या खरेदी-विक्रीच्या भावातून वजा करतात. ७ जुलैला रेषा सुमारे ८९६ वर आली होती आणि निर्देशांक ८८१ वर बंद झाला. ब्रेकडाऊन झाला. ८९६ मधून ५५ गेले, टार्गेट ८४१.

पण त्या दिवशी ८८१ ला शॉर्ट करणाऱ्याच्या हाती काय होतं ते बघा. टार्गेटपर्यंत ४० अंक. स्टॉपलॉस, तोटा मान्य करून बाहेर पडायचा भाव, उजव्या खांद्याच्या वर, म्हणजे ९२३ च्या पुढे ठेवला तर जोखीम ४२ अंक. चाळीस मिळवायला बेचाळीस पणाला. पुस्तकी पॅटर्न होता, तरी सौदा पहिल्या दिवसापासूनच तोकडा होता. टार्गेट मोजण्याचा मला तरी खरा उपयोग हाच वाटतो. भाव कुठे जाईल हे ते सांगत नाही. सौदा घ्यावा की नाही, हे सांगतं.

आता पुढचे दिवस. ८ जुलैला ८८० च्या जरा खाली, ९ ला ८८३, १० ला ८७९. चार दिवस निर्देशांक रेषेखाली बंद झाला आणि चार दिवसांत खाली सरकला तो जेमतेम दोन अंक. रेषा तुटली की ज्यांनी वर घेतलं होतं ते घाबरून विकतात, म्हणून भाव झपाट्याने खाली जायला हवा. तो गेला नाही, याचा अर्थ समोर तेवढेच घेणारे उभे होते. ही फसण्याची पहिली खूण. पण एवढ्यावरून बाहेर पडू नये, कारण तुटल्यानंतर थोडं थांबणं किंवा रेषेला खालून येऊन टेकणं अगदी नेहमीचं आहे. टेकून भाव परत खाली वळला तर पॅटर्न जिवंत असतो.

१३ जुलैला निर्देशांक ९०१ वर बंद झाला. रेषा तेव्हा ८९७-८९८ च्या घरात. तो टेकला नाही, रेषेच्या वर जाऊन बंद झाला. माझ्या लेखी सौदा इथे संपतो. २० अंकांचा तोटा घ्यायचा आणि निघायचं. १४ तारखेला बाजार बंद झाल्यावर इंटेलचे चांगले निकाल आले आणि १५ ला निर्देशांक ९३३ वर गेला, उजव्या खांद्याच्या वर. इथे शंकेला जागा उरली नाही, पॅटर्न मेला. पण ही खात्री होईपर्यंत थांबणाऱ्याचा तोटा ५२ अंकांचा झाला होता. शंका आणि खात्री यांच्यातली ही ३२ अंकांची किंमत आहे. कोणी ती भरावी, कोणी भरू नये; पण किती आहे ते सौद्याआधी ठाऊक असावं. मी वहीत तीन आकडे आधी लिहितो: टार्गेट, रेषा, उजवा खांदा.

फसलेला पॅटर्न इतक्या वेगाने का उलटतो? कारण शॉर्टवाल्यांना सौदा कापायला विकत घ्यावं लागतं, आणि सगळे एकाच जागी घेतात. काहीजण मग तीच उंची डोक्यावर चढवून वरचं टार्गेट काढतात. ९४६ अधिक ५५ म्हणजे १००१. ३ ऑगस्टला निर्देशांक १००२ च्या वर बंद झाला. हे तिथे जुळलं, दर वेळी जुळेल असं मी म्हणणार नाही.

डबल टॉप म्हणजे जवळपास सारख्या उंचीची दोन शिखरं. त्याचं गणित असंच, फक्त रेषा म्हणजे दोन शिखरांमधला तळ. मात्र तिथे लोक तळ तुटण्याची वाटच बघत नाहीत. ५ नोव्हेंबर २०१० चा मुहूर्ताचा सौदा मला आठवतो. सेन्सेक्स २१,००५ वर बंद झाला, जानेवारी २००८ च्या शिखराच्या अगदी जवळ, आणि आमच्या ओळखीतला जो तो डबल टॉप म्हणू लागला. पण मधला तळ होता मार्च २००९ चा, ८,१६०. तो तुटल्याशिवाय डबल टॉप झालाच नसता. मी कुतूहलाने टार्गेट काढून पाहिलं: उंची १२,८४५, ती ८,१६० मधून वजा केली तर उत्तर शून्याच्या खाली गेलं. एवढ्या मोठ्या उंचीला अंकांचं माप चालत नाही, टक्के धरावे लागतात. ६१ टक्के घसरण, तळातून पुन्हा तेवढीच, म्हणजे ३,१७० च्या आसपास.

पुढच्या वर्षभरात बाजार पडला खरा. डिसेंबर २०११ मध्ये सेन्सेक्स १५,१७५ पर्यंत आला, आणि डबल टॉप म्हणणाऱ्यांना आपण बरोबर ठरलो असं वाटलं. त्यांनी त्याच भरवशावर शॉर्ट धरून ठेवले. ८,१६० चा तळ खूप दूर राहिला. ३० ऑक्टोबर २०१३ ला सेन्सेक्स २१,०३४ वर बंद झाला, दोन्ही शिखरांच्या क्लोजिंगच्या वर.