फ्लोट स्विच बोर्ड, नोंद ३: टीव्हीएस किती व्होल्टचा?

पंप कंट्रोलरच्या दुसऱ्या बोर्डवर फ्लोट स्विचच्या इनपुटचा टीव्हीएस, म्हणजे ठिणगीपासून पिनला वाचवणारा डायोड, नव्यानं बसवला. चिकोडी-अथणीकडं जानेवारीनंतर हवा कोरडी पडली की प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून टर्मिनलला हात लावायचा अवकाश, ठिणगी पडते. खानापूरच्या पावसात हा दोष दडून राहतो, तेव्हा पावसाळ्यातल्या चाचणीवर भिस्त ठेवू नये.

३.३ व्होल्टच्या सिग्नलला हा डायोड जवळपास बंदच असतो. ठिणगी आली की तो ब्रेकडाउनमध्ये जातो आणि प्रवाह थेट ग्राउंडला नेतो. आयईसी ६१०००-४-२ या स्थिर विजेच्या मानकाच्या ८ किलोव्होल्ट चाचणीत पहिला झटका ३० अँपिअरचा असतो आणि तो १ नॅनोसेकंदाच्या आत चढतो. ३० नॅनोसेकंदांनी १६ अँपिअर उरतात.

डायोडवर लिहिलेले ५ व्होल्ट म्हणजे स्टँडऑफ, म्हणजे तेवढ्यापर्यंत तो सिग्नलच्या वाटेला जात नाही. अडवतो तो त्याच्या बराच वर, आणि घोळ इथंच होतो. समजा ब्रेकडाउन ६ व्होल्ट आणि डायनॅमिक रेझिस्टन्स ०.५ ओहम. १६ अँपिअरला ६ + १६ × ०.५ = १४ व्होल्ट. डेटाशीटमध्ये १६ अँपिअरचा टीएलपी, म्हणजे अगदी छोट्या झटक्यांनी मोजलेला, आलेख शोधावा. १०/१००० मायक्रोसेकंदांचा आकडा वेगळ्याच, संथ झटक्याचा असतो.

३.३ व्होल्टच्या पिनला १४ व्होल्ट झेपत नाहीत. म्हणून डायोडनंतर, पिनच्या आधी १ किलोओहम. पिनचा आतला डायोड ४ व्होल्टच्या आसपास धरतो, उरलेले १० व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि पिनमध्ये जेमतेम १० मिलीअँपिअर जातात, तेही काही नॅनोसेकंद.

क्लॅम्पिंग, म्हणजे डायोड जिथं अडवतो ते व्होल्टेज, आणखी खाली आणायला मोठा पॉवर टीव्हीएस लावायचा मोह होतो. पण SMAJ5.0A ची गळती ५ व्होल्टला ८०० मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते. १० किलोओहमच्या पुल-अपवर १०० मायक्रोअँपिअर गळले तरी १ व्होल्ट गेला! इथं १ मायक्रोअँपिअरखालच्या गळतीचा, स्थिर विजेसाठीचा छोटा ईएसडी टीव्हीएसच बरा.

पहिल्या बोर्डची खरी चूक मात्र ट्रॅकमध्ये होती. डायोड कंट्रोलरजवळ आणि त्याचा ग्राउंड १० मिलिमीटरच्या बारीक ट्रॅकने जोडलेला. एका मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री धरली तर:

V = L × di/dt = 10 nH × 30 A/ns = 300 V

१४ व्होल्टचा हिशेब करून वर ३०० व्होल्टची भर! आता डायोड टर्मिनलला खेटून आहे, सिग्नलचा ट्रॅक त्याच्या पॅडवरूनच पुढे जातो आणि ग्राउंडचा व्हाया पॅडशेजारी आहे.

टाकी रिकामी असूनही "भरली" दाखवली तर सप्लाय बंद करून, फ्लोटची वायर काढून टर्मिनल आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावावा. शून्याजवळ आलं तर टीव्हीएस शॉर्ट झालाय. १ किलोओहमच्या आसपास आलं तर तो शाबूत आहे, पिन गेली.