शिवणीत अडकलेलं कुत्रं

माझ्या भाचीला एक खोड आहे. ती तीनशे साठ अंशांचे फोटो मिळवते, त्यातली जागेची नोंद पुसून टाकते आणि खाली एवढंच लिहून मला धाडते: "मामा, कुठे?"

परवाचा फोटो उघडला आणि उत्तर तोंडावरच आलं. समोर निळंशार तळं, पलीकडे डोंगर, शिखरांवर बर्फाचे राहिलेले ठिपके, अलीकडे दगडी इमारती, त्यांची उतरती छपरं आणि लाकडी सज्जे. जवळच्या एका खांबावर झेंडा, वर निळा आणि खाली पांढरा. ल्युसर्न परगण्याच्या झेंड्यात हेच दोन रंग आहेत आणि ल्युसर्नला तळंही आहे. "स्वित्झर्लंड" असं टाइप करूनही झालं होतं. पाठवलं नाही, कारण मागच्या दोन खेपांना असाच तोंडघशी पडलो होतो.

असा फोटो उघडला की तो एका दिशेला तोंड करून उभा राहतो, आणि ती दिशा फोटो काढणाऱ्याने निवडलेली असते. साहजिकच ती सर्वांत देखणी असते. आपल्याला हवं ते बहुतेक वेळा पाठीमागे असतं. म्हणून मी आता फोटो गोल फिरवत बसत नाही. भूगोलाच्या तासाला भिंतीवर जगाचा नकाशा टांगायचे तसा तो सपाट पसरून घेतो. रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट, कारण आडवे ३६० अंश आणि उभे १८०. या फोटोत ६००० पिक्सेल आडवे आणि ३००० उभे होते. म्हणजे एका अंशाला साधारण १७ पिक्सेल. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की फोटो मोजता येतो. चित्र हातात घेतलं आहे असं न वाटता कोनमापक घेतलाय असं वाटू लागतं.

कॅमेरा अगदी समतल असेल तर क्षितिज चित्राच्या बरोबर मधून, सरळ रेषेत जातं. कॅमेरा जरा कलला की त्याच क्षितिजाची लाट होते, एका बाजूला खाली गेलेली आणि बरोबर विरुद्ध बाजूला तेवढीच वर चढलेली. डोंगराळ मुलुखात क्षितिज दिसतच नाही, ही मोठी पंचाईत. पण इथे तळं होतं. दूरच्या काठाला पाणी जिथे टेकतं ती रेषा जवळपास क्षितिजाचीच असते. आपण पाण्यापासून वीसेक मीटर उंच उभे असलो आणि काठ पाच-सहा किलोमीटरांवर असला, तरी फरक तीन-चार पिक्सेलांचाच पडतो. ती रेषा चित्राच्या मध्यापासून ५० पिक्सेल खाली होती. म्हणजे कॅमेरा तीन अंश कललेला.

एका रेषेवर विश्वास ठेवू नये. म्हणून तळ्याच्या डाव्या-उजव्या हाताच्या इमारती पाहिल्या. तळ्याच्या दिशेला क्षितिज खाली गेलं असेल, तर नव्वद अंशांवरच्या दोन्ही बाजूंना ते मध्यावरच असायला हवं, पण तिथल्या उभ्या भिंती मात्र तिरक्या दिसायला हव्यात. दिसल्या. दोन्हीकडचे कोपरे साधारण तीन अंशांनी झुकलेले, आणि गंमत म्हणजे एकमेकांच्या उलट दिशेला. तळ्यासमोरच्या आणि पाठीमागच्या भिंती मात्र ताठ. कलाचा पुरावा पक्का झाला.

आता शिवण. असा फोटो एका क्लिकमध्ये काढलेला असेलच असं नाही. हा तिपाईवर कॅमेरा फिरवत, खालची एक रांग आणि वरची एक रांग असे बरेच तुकडे घेऊन जोडलेला होता. जोड कुठे आहेत ते शोधायला मला एक कुत्रं उपयोगी पडलं. फरसबंदीवर एका कुत्र्याचं मागचं अर्धं अंग उभं होतं. शेपूट वर, दोन पाय आणि पुढे काहीच नाही. एक तुकडा टिपला तेव्हा ते तिथे होतं, शेजारचा टिपेपर्यंत निघून गेलं. तिथून जोडाची रेषा वर-खाली पकडली. फरशीच्या एका ओळीत बारीक पायरी पडलेली, पण मागचा डोंगर अखंड.

हा फरक ओळखता आला पाहिजे. भिंगाचा जो बिंदू जागच्या जागी राहायला हवा तो फिरवताना थोडा सरकला, तर जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या मानाने हलतात आणि जोडावर तुटतात किंवा दुहेरी होतात. दूरच्या वस्तूंना त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणून जोडावर दोन दिवे शेजारी दिसले तर तो बहुधा एकच असतो, आणि डोंगराला दोन शिखरं दिसली तर बहुधा दोनच असतात. एकदा मी जुळ्या दिव्यांचा चौक शोधण्यात एक आख्खी संध्याकाळ घालवली होती. तो चौक जगात कुठेही नाही.

मग झेंड्याकडे पुन्हा पाहिलं. पांढऱ्या पट्ट्याची खालची कड फारच सरळ होती. वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडाची कड पट्टीने आखल्यासारखी कधी नसते. त्याच उंचीवर, बाजूच्या ढगातही एक पुसट पायरी होती. म्हणजे वरच्या आणि खालच्या रांगेचा जोड थेट झेंड्यातून गेला होता. वरची रांग टिपताना झेंडा पसरलेला होता, खालची टिपताना खांबाला बिलगलेला. मला दिसत होता तो झेंडा नव्हताच, झेंड्याचा वरचा भाग होता. खाली आणखी काय होतं ते आकाशाने गिळलं होतं. निळाही नीट पाहिला तर गडद नव्हे, फिका आकाशी होता. ल्युसर्नची इमारत एका कडेने ढासळायला लागली.

पूर्ण पाडली ती सूर्याने. सूर्य तळ्याच्या वर होता, म्हणजे क्षितिज सर्वांत खाली गेलं होतं त्याच दिशेला. अशा फोटोत उंचावरचा सूर्य गोल दिसत नाही. चित्र माथ्याकडे आडवं ताणलं जातं, त्यामुळे त्याचा लांबट पांढरा धब्बा होतो. त्या धब्ब्याचा मध्य वरून ३६७व्या पिक्सेलवर होता. चित्राचा मध्य १५००वर. फरक ११३३, म्हणजे ६८ अंश. घाईत इथेच थांबलो असतो तर चुकलो असतो. उंची क्षितिजापासून मोजायची असते, चित्राच्या मध्यापासून नव्हे, आणि इथे क्षितिज तीन अंश खाली होतं. खरी उंची ७१.

खातरजमा करायला तिपाईची सावली शोधली. कॅमेऱ्याची स्वतःची सावली सूर्याच्या नेमकी समोर पडते, चित्रात अर्धी रुंदी सोडून आणि तेवढीच खाली. पण तिपाई लपवायला पायाशी एक पुसट गोल चिकटवलेला होता, आणि सूर्य इतका वर असताना सावली पायापासून अर्ध्या-पाऊण मीटरवरच संपते. ती त्या गोलाखाली गेली होती. मग चौकात उभ्या माणसांच्या सावल्या पाहिल्या. उंचीच्या जेमतेम एक तृतीयांश. ७१ अंशांना साजेशा.

(तळ लपवण्याची ही युक्ती जुनीच आहे. रॉबर्ट बार्करने १७८७ साली गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं, आणि १७९३मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी गोल इमारत उभी राहिली. बघ्यांना मधल्या चौथऱ्यावर उभं करायचं आणि चित्राची वरची-खालची कड त्यांच्या नजरेआड ठेवायची, असा त्यात बेत होता. कड दिसली की भ्रम संपतो, हे त्यालाही ठाऊक होतं.)

आता ल्युसर्न ४७ अंश उत्तरेला. तिथे जूनच्या ऐन मध्यान्हीही सूर्य साडेसहासष्ट अंशांच्या वर चढत नाही. आल्प्सच्या अगदी दक्षिण टोकाला गेलात तरी सत्तरच्या आतच राहतो. मोजणीत अंशभर चूक धरली तरी स्वित्झर्लंड बाद. मध्यापासून मोजलेले ६८ घेऊन बसलो असतो, तर दक्षिण आल्प्स शिल्लक राहिले असते आणि मी तिथली तळी चाळत बसलो असतो.

अर्थात सूर्याच्या उंचीने जागा सापडत नाही, फक्त काही जागा कटतात. साधारण ४२ अंशांच्या अलीकडचा उत्तर-दक्षिणेचा सगळा पट्टा अजून उरला होता. मग उरलेल्या दिशा पाहिल्या, आणि खरी मौज तिथेच होती. सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला दाट झाडीचे, बर्फ मिरवणारे डोंगर. उजवीकडे मान वळवत गेलं की झाडी विरळ होत जाते आणि शेवटी बोडक्या, तपकिरी टेकड्या उरतात. एका तळ्याच्या दोन टोकांना दोन ऋतू असावेत तसं. ढगांचं पाणी उंच पर्वतरांग पिऊन टाकते आणि पलीकडे कोरडं सोडते, त्याची ही खूण. सूर्य मध्यान्हीच्या जवळपास होता. तो उत्तरेला आहे असं मानलं तर डावीकडे पश्चिम येते, म्हणजे पाऊस पश्चिमेच्या डोंगरांत अडतो आणि पूर्व कोरडी. आकाशी-पांढरा झेंडाही तिकडेच बोट दाखवत होता. अँडीजचा अर्जेंटिनाकडचा उतार.

शेवटी पाठीमागे पाहिलं. तीन बाजूंना दगडी कमानींच्या इमारती, त्यातल्या एकीवर घड्याळाचा मनोरा, चौकात घोड्यावर बसलेला पुतळा आणि चौथी बाजू तळ्याकडे मोकळी. नकाशावर नाहुएल उआपी तळ्याचा दक्षिण काठ धरून सरकलो आणि बारिलोचेचं सेंत्रो सिविको सापडलं. १९४०मध्ये उभा राहिलेला, वास्तुरचनाकार एर्नेस्तो दे एस्त्रादा यांचा चौक. आल्प्सची आठवण यावी अशाच धर्तीवर बांधलेला. म्हणजे मी फसलो त्यात माझाच सगळा दोष नव्हता. ४१ अंश दक्षिणेला ७१ अंशांवर सूर्य म्हणजे महिना डिसेंबर किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे. तेही लिहून पाठवलं.

भाचीचं उत्तर आलं: "बरोबर. पण मामा, झेंडा बघून दोन मिनिटांत सांगता आलं असतं."

तिला झेंड्याचं कापलेलं टोक मोठं करून पाठवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने खांबाच्या अगदी कडेला, पांढऱ्याच्या खाली, चार-पाच पिक्सेलांची एक फिकट निळी चिंधी लाल वर्तुळात टाकून परत पाठवली. तिसरा पट्टा तिथे होता. कुत्र्याचं तोंड मात्र दोघांनी मिळून शोधलं, ते कुठेच नाही.