मुंजीच्या फोटोवरची नारिंगी तारीख : रंगवणे सोडले, कापणे जमले

मागच्या नोंदीत मुंजीच्या ज्या फोटोवरची नारिंगी तारीख काढताना मी अडकून पडलो होतो, तो परवा रात्री अखेर सुटला, असे मला वाटले. फाईल जपून ठेवली, फोल्डर उघडले आणि छोट्या चित्रात तीच नारिंगी तारीख, उजव्या कोपऱ्यात, जशीच्या तशी! फोटो मोठा करून पाहिला तर तारीख नाही. लहान चित्रात मात्र आहे. याचा उलगडा पुढे येईलच, पण आधी झालेला सगळा प्रवास नोंदवतो.

फोटो आहे 1994 सालच्या मुंजीचा, चार बाय सहा इंचांचा, भोवती तीन मिलिमीटरची पांढरी चौकट. मूळ प्रत मावशीकडे कोल्हापुरात आहे आणि मावसभावाने 600 डीपीआयवर स्कॅन करून पाठवलेली जेपीईजी एवढीच माझ्या हातात आहे. चित्रात डावीकडे रिकामे दार आहे, मध्ये बटू आणि आईवडील, पुढे मोझॅकच्या फरशीवर बसलेली तीन मुले. आणि त्या फरशीवर, खाली उजवीकडे, ‘94 5 14’.

पहिले तीन आठवडे मी ही तारीख रंगवून घालवण्यात घालवले, आणि ते का जमेना हे उशिरा कळले. हे अंक छपाईच्या वेळी कागदावर पडलेले नाहीत. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातला छोटा दिवा ते थेट फिल्मवर उमटवत असे, त्यामुळे ते निगेटिव्हचाच भाग झाले आहेत. चॅनेल वेगवेगळे करून पाहिले तर लाल चॅनेलमध्ये अंकांच्या जागी निव्वळ सपाट पांढरे आहे, हिरव्यात अर्धवट, आणि निळ्यात मात्र फरशीचे ठिपके बऱ्यापैकी दिसतात. निळ्यावरून बाकीचे दोन चॅनेल उभे करता येतील, या आशेने मी दोन रात्री घालवल्या. आकार आले, पण रंग आले नाहीत. मोझॅकचा तांबूस ठिपका आणि काळा ठिपका यांत फरक उरेना. मग क्लोन आणि हील वापरले. मोझॅकवर क्लोन करणे म्हणजे स्वतःच्या चुकांची रांगोळी काढण्यासारखे आहे: एकच टपोरा ठिपका तीनदा दिसू लागतो, आणि हील वापरले की फिल्मचे दाणे पुसले जाऊन तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसल्यासारखा दिसतो. शिवाय अंकांभोवती अर्ध्या मिलिमीटरचे नारिंगी तेज पसरलेले असते, त्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. अंक गेले तरी ते तेज राहते, आणि नजर नेमकी तिथेच जाते. मधे एका दुकानात चौकशी केली. त्यांनी नमुना म्हणून करून दिलेल्या तुकड्यात फरशीच गुळगुळीत झाली होती.

तेव्हा विचार बदलला. ज्या पट्टीत तारीख आहे तिच्यात जपण्यासारखे काय आहे? फक्त फरशी. मग नसलेली फरशी घडवण्यापेक्षा असलेली कापावी, म्हणजे उरलेल्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल खरा राहील.

आता मोजमाप. 600 डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 23.6 पिक्सेल. चौकट 71 पिक्सेलची, आतले चित्र 3448 बाय 2267. अंकांचा तळ चित्राच्या खालच्या कडेपासून पाच मिलिमीटरवर, अंकांची उंची अडीच, त्यावर तेजाचा अर्धा. म्हणजे खालून आठ मिलिमीटर, सुमारे 189 पिक्सेल गेले पाहिजेत. उजवीकडून कापायचे तर जवळजवळ चोवीस मिलिमीटर जातात आणि उजव्या कडेचे मामा अर्धे होतात, म्हणून तो मार्ग बाद.

जेपीईजी पुन्हा जतन केली की दर्जा थोडा घसरतो, म्हणून मी jpegtran वापरले, जे चित्र न उलगडता, जेपीईजी ते ज्या चौकोनी ठोकळ्यांत साठवते त्यांच्या हद्दीवर कापते. इथेच सर्वात चिवट अडचण आली. चौकट 71 पिक्सेलची म्हणून मी कापणीची सुरुवातही 71 पासून दिली, आणि निकालात डावीकडे व वर एक बारीक पांढरी रेघ उरली. दोनदा मोजले, मावसभावाच्या स्कॅनरला दोष दिला, फोटो तिरका लावला असेल म्हणून त्याला फोनही केला. कारण वेगळेच होते: या फाईलमधले ठोकळे 16 पिक्सेलचे आहेत, आणि वरचा डावा कोपरा ठोकळ्याच्या हद्दीवर नसेल तर हे साधन तो गुपचूप मागे, म्हणजे 64 वर नेते. सात पिक्सेलची रेघ ती हीच. खालच्या आणि उजव्या कडेला असे बंधन नाही, म्हणून तारखेची पट्टी मात्र पहिल्याच फटक्यात नीट गेली होती. उपाय म्हणजे 71 ऐवजी पुढचा 16 चा पट, 80. नऊ पिक्सेल जास्त गेले, ते अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

```
jpegtran -copy all -crop 3430x2064+80+80 -outfile munj_a.jpg munj.jpg
```

चित्र स्वच्छ आले, पण प्रमाण 1.66 झाले, चार बाय सहाच्या कागदावर छापले तर वरखाली पांढऱ्या पट्ट्या उरतील. पडद्यावर पाहायला काहीच हरकत नाही आणि मी इथेच थांबणार होतो, पण डावीकडचे रिकामे दार आठवले. तिथले चौदा मिलिमीटर काढले की प्रमाण पुन्हा नेमके तीनास दोन होते, आणि कापणीची नवी सुरुवात, 416, हा योगायोगाने 16 चाच पट आहे. याचा आनंद मी एकट्यानेच चहा करून साजरा केला.

```
jpegtran -copy all -crop 3096x2064+416+80 -outfile munj_b.jpg munj.jpg
```

पुढच्या धाकट्या मुलाच्या अंगठ्याखाली आता जेमतेम अर्धा मिलिमीटर फरशी उरते. पाय काठाला टेकल्यासारखा वाटतो आणि ते मला खटकते, पण खोटी फरशी त्याहून जास्त खटकली असती.

आता त्या लहान चित्राचे. `-copy all` मुळे फाईलमधली जुनी माहिती तशीच पुढे आली, आणि त्या माहितीतच कापण्यापूर्वीचे छोटे चित्रही होते. ते काढताना कोपऱ्यातली तारीख आतल्या माहितीत लिहून घेतली, कारण चित्रातून गेलेली तारीख कुठेतरी राहिलीच पाहिजे.

```
exiftool -ThumbnailImage= -XMP-photoshop:DateCreated="1994:05:14" munj_b.jpg
```

लिहिण्याआधी ती तारीख मावशीकडच्या निमंत्रणपत्रिकेशी पडताळली आणि ती जुळली. हे करावेच लागते, कारण सेल बदलल्यावर या कॅमेऱ्यांचे घड्याळ बहुतेक वेळा कुणी लावतच नसे. शिवाय 14 हा महिना असू शकत नाही म्हणून इथे क्रम स्पष्ट होता. ‘94 5 8’ असते तर आठ मे की पाच ऑगस्ट, हे पत्रिकेशिवाय कळले नसते. मूळ स्कॅन अर्थातच हात न लावता वेगळा ठेवला आहे.

रंग अजून दुरुस्त केलेले नाहीत. फोटो लालसर झाला आहे, आणि पांढऱ्या चौकटीवरून रंगांचा समतोल साधावा असे ठरवले होते, तोवर चौकटच कापून बसलो. आता ते काम मूळ स्कॅनच्या प्रतीवर, चौकट असतानाच करीन आणि हीच कापणी शेवटी पुन्हा लावीन. आकडे वर आहेतच. तसे पाहिले तर चौकटही पिवळी पडली आहे, त्यामुळे तिला पांढरे मानणे कितपत योग्य, हे आधी बटूच्या धोतराशी ताडून पाहावे लागेल.

त्याच रोलचे आणखी अकरा फोटो आहेत. नऊंमध्ये तारीख फरशीवर किंवा भिंतीवर आहे, ते याच पद्धतीने होतील. उरलेल्या दोनांत ती आजीच्या हातावर पडली आहे. ते दोन तारखेसकटच राहतील.